'वॉरंटी नाही' असं म्हटलं कोणी?

*माझं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मागच्या आठवड्यात एका ग्राहकाने गूगलवर एक स्टार देऊन लिहिलं: "बॅटरी बदलून घेतली, दोन महिन्यांत लॅपटॉप चार्ज होईना. विचारायला गेलो तर म्हणे वॉरंटी नाही. आठवडाभर ठेवून घेतला, फोन उचलत नाहीत. पैसे वाया." यातलं बरंचसं खोटं आहे. बॅटरीला आम्ही सहा महिन्यांची वॉरंटी देतो, बिलामागे छापलेलं आहे. बॅटरी बदलून दोन नव्हे, चार महिने झालेत. ती ठणठणीत आहे; बिघाड चार्जिंग पोर्टात आहे आणि पोर्टाला आम्ही तेव्हा हातही लावला नव्हता. लॅपटॉप ठेवला तो चार दिवस. मी उत्तर लिहून ठेवलंय: "आपला गैरसमज झालेला आहे. खरं तर आम्ही सहा महिन्यांची वॉरंटी देतो. कृपया बिल नीट वाचावे, म्हणजे अशी वेळ येणार नाही." बायको म्हणते, पाठवू नकोस. मग काय लिहू? गप्प बसलो तर लोकांना तेच खरं वाटेल.*

वहिनींचं ऐका, हे उत्तर पाठवू नका. पण गप्पही बसू नका. एका बाबतीत तुमचं अगदी बरोबर आहे: दुकान वॉरंटी देत नाही असं एकदा लिहून राहिलं, की पुढे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी ते खरंच होऊन बसतं.

तुमचं पत्र आल्यावर मी उलट एकच प्रश्न विचारला होता. 'वॉरंटी नाही' हे शब्द दुकानात कोणाच्या तोंडून निघाले का? तुम्ही आधी 'शक्यच नाही' म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जरा खालच्या आवाजात कळवलंत, की काउंटरवरच्या मुलाने पोर्टाकडे बोट दाखवून 'याला वॉरंटी बसत नाही' असं सांगितलं होतं. मुलगा चुकीचं बोलला नाही. त्याच्या लेखी 'याला' म्हणजे पोर्टाला. पण समोर उभ्या माणसाला उघडलेल्या लॅपटॉपमध्ये पोर्ट कुठला आणि बॅटरी कुठली हे काय कळणार? त्याच्या लेखी 'याला' म्हणजे ज्या कामाचे पैसे त्याने मोजले होते त्याला. त्याने जे ऐकलं ते लिहिलं.

म्हणून आधी तुमच्या डोक्यातला 'खोटं' हा शब्द खोडा. माहिती चुकीची आहे, माणूस खोटा नाही. हे मी चांगुलपणा शिकवायला म्हणत नाही. समोरचा खोटं बोलतोय असं मनात धरून लिहिलेलं वाक्य कितीही सभ्य केलं, तरी त्यातून ते डोकावतंच. आणि चूक कुठून निघाली हे कळल्याशिवाय ती दुरुस्त करायला गेलात, तर तो माणूस आपल्या अभिप्रायात वाढवून लिहील, 'तुमच्याच मुलाने सांगितलं होतं', आणि ते खरं असेल. मग तुमच्या बिलामागच्या छपाईवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता चार मुद्द्यांपैकी दुरुस्त काय करायचं ते ठरवू. माझी कसोटी साधी आहे: ही गोष्ट चुकीची राहिली, तर पुढचा वाचणारा एखादा चुकीचा निर्णय घेईल का? वॉरंटीच्या बाबतीत घेईल. ज्याला बॅटरी बदलायची आहे तो तुमच्याकडे येणारच नाही. त्याहून वाईट म्हणजे ज्याने तुमच्याकडूनच बदलून घेतली आहे आणि जिची मुदत चालू आहे, तो बिघाड झाल्यावर हक्काने परत यायचा, तो येणार नाही. ही चूक दुरुस्त करायलाच हवी.

दोन महिने की चार महिने, हे सोडून द्या. दोन्ही सहाच्या आतच आहेत, वॉरंटी दोन्हीकडे लागू आहे. 'दोन नव्हे, चार' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. मालक बारीकसारीक हिशेब चुकता करायला बसलाय एवढंच दिसतं. दिवसांचंही तेच. तुमच्या जॉब कार्डप्रमाणे लॅपटॉप शनिवारी संध्याकाळी आला आणि गुरुवारी दुपारी परत गेला. तुम्ही सोमवारपासून मोजलेत, चार भरले. तो शनिवारपासून मोजतोय, कारण त्याचं काम शनिवारपासून अडलंय. लॅपटॉपविना राहिलेल्या माणसाला असे दिवस आठवडाभर वाटले, तर त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. राहिला फोन. तुम्हीच लिहिलंय की दुकानात गर्दी असली की फोन वाजून वाजून बंद होतो. मग ती चूक नाही, तक्रार आहे, आणि रास्त आहे.

चारपैकी एक दुरुस्त करायचं, दोन सोडायचे, एक मान्य करायचा. हे जमलं की उत्तर आपोआप आटोपशीर होतं आणि भांडणाचं रूप जातं. चारही मुद्द्यांना आकडे घालून उत्तर दिलं तर ते जबाबासारखं वाचलं जातं, आणि जबाब वाचताना माणूस नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो.

दुरुस्त करायच्या मुद्द्याची खात्री मात्र पक्की हवी. 'बॅटरी ठणठणीत आहे' हे तुम्ही कशावरून म्हणता? मुलाने बघून सांगितलं म्हणून, की मोजून? विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये `powercfg /batteryreport` दिलं की अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर भरणारी क्षमता शेजारी शेजारी दिसते. चार महिन्यांच्या चांगल्या बॅटरीत हे दोन आकडे जवळजवळ असायला हवेत. तो अहवाल काढला होता, असं तुम्ही कळवलंत, आणि दुसऱ्या मशीनवर बॅटरी लावूनही पाहिलीत. उत्तम. तरी जाहीर उत्तरात 'ठणठणीत' लिहू नका. 'तपासणीत बॅटरी नीट चालताना आढळली' एवढंच लिहा. हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उद्या तिला काही झालं, तरी तुमचं वाक्य खोटं ठरत नाही.

आता शब्दांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या उत्तरात वस्तुस्थिती सगळी बरोबर आहे आणि शब्द जवळजवळ सगळे घातक आहेत.

'आपला गैरसमज झालेला आहे.' हे वाक्य मराठीत फार सभ्य समजलं जातं. प्रत्यक्षात ते चूक कोणाच्या डोक्यात झाली ते बोट दाखवून सांगतं. गैरसमज नेहमी समोरच्याचाच होतो. 'माझा गैरसमज झालाय' असं म्हणणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही. तीच गोष्ट सांगण्याच्या बाजूने मांडली की डंख निघून जातो: 'आम्ही नीट सांगितलं नाही.' आणि तुमच्या बाबतीत तेच खरंही आहे.

'खरं तर' हे दुसरं. बोलताना ते निरुपद्रवी असतं. लेखी तक्रारीखाली आलं की त्याचा अर्थ 'वर लिहिलंय ते खोटं' असा होतो. 'वास्तविक' आणि 'वस्तुतः' ही त्याचीच थोरली भावंडं. हे शब्द काढून टाकले तर वाक्यातलं काहीही कमी होत नाही, करून बघा: 'आम्ही सहा महिन्यांची वॉरंटी देतो.' पुरेसं आहे.

'कृपया बिल नीट वाचावे.' हे तर सरकारी फलकावरचं वाक्य. 'कृपया नोंद घ्यावी', 'वाचावे', 'विचारावे' या रूपांत समोर माणूस नसतो, जमाव असतो. त्यात 'नीट' या शब्दाने तुम्ही त्याला सगळ्यांदेखत निष्काळजी ठरवलंत. 'म्हणजे अशी वेळ येणार नाही' याबद्दल मी काही बोलत नाही, वहिनी बोलल्या असतीलच.

आणि 'आपण'. एरवी आदराचा शब्द, पण रागावलेल्या मराठी माणसाच्या हातात 'आपण'सारखं टोचणारं दुसरं हत्यार नाही. 'आपल्यासारख्या सुज्ञ ग्राहकाने' असं सुरू झालं की पुढे काय येणार हे सगळ्यांना कळतं. काउंटरवर त्या माणसाशी तुम्ही 'तुम्ही' म्हणून बोलता ना? मग तेच ठेवा.

एक व्याकरणाची गोष्ट मात्र मनापासून सांगतो. चूक दुरुस्त करणाऱ्या वाक्यात 'तुम्ही' कर्ता नको. 'तुम्ही लिहिलंय की वॉरंटी नाही, पण...' या वाक्याने दोन वाईट कामं एकदम होतात: ग्राहक आरोपी होतो आणि चुकीची माहिती तुमच्याच दुकानाच्या नावाने पुन्हा एकदा छापली जाते. घाईने वाचणाऱ्याच्या मनात 'वॉरंटी नाही' हेच राहतं. बरोबर माहिती थेट सांगा, चुकीचीचा उच्चार शक्यतो टाळा. आपल्या प्रकरणात तो एकदा करावा लागणार आहे, कारण चूक तुमच्या माणसाच्या त्याच शब्दांतून निघाली. पण तो बरोबर माहिती देऊन झाल्यावर, आणि आपली कबुली म्हणून.

मी असतो तर हे लिहिलं असतं:

"नमस्कार. लॅपटॉप पुन्हा बंद पडला आणि तुमचं काम अडलं, याचं वाईट वाटतं. आम्ही बदललेल्या प्रत्येक बॅटरीला सहा महिन्यांची वॉरंटी असते आणि तुमच्या बॅटरीची वॉरंटी चालू आहे. तपासणीत बॅटरी नीट चालताना आढळली. अडचण चार्जिंग पोर्टची आहे आणि तो वेगळा भाग आहे. काउंटरवर आम्ही नुसतं 'वॉरंटी नाही' म्हणालो, ते फक्त पोर्टाबद्दल आहे हे सांगितलं नाही. ती चूक आमची. गर्दीच्या वेळी फोन घेतला जात नाही, हेही खरं आहे. त्यावर उपाय करतो आहोत. दोन्ही भाग तुमच्यासमोर तपासून दाखवायला मी तयार आहे, केव्हाही या." खाली तुमचं नाव आणि 'मालक'.

वाचायला अर्ध्या मिनिटाचं काम. दुसऱ्याच वाक्यात बरोबर माहिती आली आणि तिच्यात भांडणाचा एकही शब्द नाही. 'तुमच्या बॅटरीची वॉरंटी चालू आहे' या शब्दांनी चूक दुरुस्त होते आणि त्या माणसाला काहीतरी मिळतंही. तो हरला नाही. त्याला कळलं की आपल्याकडे एक हक्क आहे, जो गेला असं आपण समजत होतो. दुरुस्ती अशी बातमीसारखी देता आली, तर ती क्वचितच कोणाला लागते.

कबुलीत 'जर काही त्रास झाला असल्यास क्षमस्व' असलं काही घालू नका. 'असल्यास' म्हणजे झाला की नाही याची आम्हाला शंका आहे. आणि मुलाचं नाव किंवा 'नवीन मुलगा होता' हेही नको. दुकानात जे बोललं गेलं ते दुकानाने बोललं.

तुम्ही फोनवर विचारलंत, की बिलाचा फोटो टाकला तर? त्यावर तारीख आहे, वॉरंटी छापलेली आहे, त्याची सही आहे, विषयच संपला. मी एकेकाळी व्हिजिटिंग कार्डं छापायचा धंदा करत असे. एकाने लिहिलं, फोन नंबर चुकीचा छापला. माझ्याकडे प्रूफ होतं, तोच चुकीचा नंबर आणि खाली त्याची सही. मी ऐटीत त्या प्रूफचा फोटो लावला. लोक त्याला हसले. महिनाभराने जुनी गिऱ्हाईक असलेल्या एक बाई प्रूफवर सही करायला थांबल्या आणि म्हणाल्या, 'माझ्याकडून काही राहिलं तर माझंही असंच टांगाल का?' मी फोटो काढून टाकला, पण उशीर झाला होता. पुरावा तुमच्याजवळ असावा, लागला तर त्या माणसाला दाखवावा. भिंतीवर लावू नये.

यातच दुसरी गोष्ट आली. ग्राहकाबद्दल त्याने स्वतः जाहीर सांगितलं त्याहून फारसं पुढे जाऊ नका. पोर्टाचा उल्लेख मी ठेवला, कारण त्याशिवाय खुलासा होत नाही आणि पोर्ट खराब होण्यात कोणाची लाज नाही. पण पोर्टात पाणी गेलेलं दिसलं, किंवा लॅपटॉप आपटलेला दिसला, असं असतं तर ते मी जाहीर लिहू दिलं नसतं, खरं असलं तरी. ते समोरासमोर सांगायचं. काही व्यवसायांत तर एवढंही चालत नाही. अमेरिकेत 2019 मध्ये एका दंतचिकित्सा संस्थेला 10,000 डॉलर भरावे लागले, कारण अभिप्रायांना उत्तर देताना तिने रुग्णांची माहिती उघड केली होती. डॉक्टर, वकील, समुपदेशक यांनी 'तुम्ही आमच्याकडे आला होता' हेसुद्धा लिहिण्याआधी विचार करावा. त्यांनी फक्त आपला नियम सांगावा: 'आमच्याकडे अशी पद्धत आहे', बस.

क्रमाबद्दल. उत्तर टाकण्याआधी त्या माणसाला फोन करा, पण अभिप्रायाबद्दल नाही, लॅपटॉपबद्दल. 'बॅटरीची वॉरंटी चालू आहे, आमच्याकडून सांगताना चूक झाली, पोर्टाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.' एवढं सांगून ठेवून द्या. स्टार वाढवायची विनंती करू नका. आणि 'बदललंत तर पोर्ट सवलतीत करून देतो' हे तर चुकूनही नको. असं आमिष दाखवणं गूगलच्या नियमांतच बसत नाही, आणि त्याने ते अभिप्रायात लिहिलं तर तुम्ही मेलात. फोन त्याने घेतला नाही तरी त्याच दिवशी उत्तर टाका. रागात लिहिलेलं एक रात्र ठेवावं हे खरं, पण तुमचं आठवडाभर ठेवून झालंय.

अभिप्राय हटवण्यासाठी तक्रार करण्यात वेळ घालवू नका. शिवीगाळ, जाहिरातबाजी, भलत्याच दुकानाबद्दलचा मजकूर असल्या गोष्टी गूगल तपासतं. ग्राहक आणि दुकानदार यांच्यात काय घडलं यावर मतभेद असले तर ते मध्ये पडत नाही. तुमचं प्रकरण नेमकं या दुसऱ्या प्रकारात मोडतं.

तो अभिप्रायात रागाने आणखी काही लिहील, अशी भीती तुम्हाला वाटते. लिहू दे. त्यात वस्तुस्थितीची नवी चूक असेल तरच उत्तरात एखादं वाक्य वाढवा, नाहीतर काही करू नका. उलट त्याने मजकूर दुरुस्त केला, तर एक गोष्ट बहुतेक दुकानदार विसरतात: त्याचं लिखाण बदलतं, पण तुमचं जुनं उत्तर खाली तसंच राहतं. त्याने 'वॉरंटी नाही' काढून तीन स्टार केले आणि खाली तुमचा खुलासा कायम राहिला, तर तो उगाचच कशाचा तरी बचाव करत बसल्यासारखा दिसतो. तेव्हा स्वतःचं उत्तर लगेच बदला: 'पुन्हा येऊन लिहिल्याबद्दल आभार. बॅटरीला सहा महिन्यांची वॉरंटी आहे, काही वाटलं तर या.'

उत्तरं देत राहिलात तर तक्रारी वाढतील का, हेही तुम्ही विचारलंत. हॉटेलांच्या अभिप्रायांवरचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला होता. हॉटेलांनी उत्तरं द्यायला सुरुवात केल्यावर वाईट अभिप्राय कमी आले, पण जे आले ते आधीपेक्षा लांब होते. मालक वाचतोय हे कळलं की माणूस उडत उडत लिहीत नाही, तपशील देतो. तुमच्यासाठी ते बरंच आहे. 'पैसे वाया' यात तपासण्यासारखं काही नसतं. तारीख आणि प्रसंग दिला असेल तर जॉब कार्ड काढून बघता येतं.

शेवटी तुमच्या बिलाबद्दल. त्याचा फोटो तुम्ही मला पाठवलात म्हणून सांगतो: वॉरंटीची ओळ मागच्या बाजूला, सातव्या क्रमांकावर, मुंगीच्या अक्षरात आहे. मला चष्मा लावून सापडली. तिथून ती काढा आणि पुढच्या बाजूला, बदललेल्या भागाच्या नावासमोरच लिहा: 'बॅटरी: वॉरंटी अमुक तारखेपर्यंत'. महिने नकोत, तारीख हवी. कोणी दोन म्हणणार नाही की चार. आणि मुलाला सांगा, 'याला' म्हणायचं नाही, भागाचं नाव घ्यायचं. त्याला रागावू नका, त्याने विचारल्यावर खरं सांगितलं.

उत्तर टाकण्याआधी वहिनींना एकदा वाचून दाखवा.